सममित किल्ली, सार्वजनिक किल्ली आणि एकच जोडणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संगणक-जाळ्यांची ओळख करून देताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. उदाहरण मुख्यतः एकच आहे: ब्राउझरने `https` संकेतस्थळ उघडणे. जे एका उत्तरात आले आहे ते दुसऱ्यात न सांगता त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सममित कूटलेखन आणि सार्वजनिक किल्लीचे कूटलेखन यांत मूळ फरक काय आहे?

सममित पद्धतीत ज्या किल्लीने मजकूर कूटबद्ध केला, त्याच किल्लीने तो उकलतो. म्हणून ती किल्ली दोन्ही बाजूंकडे असावी लागते आणि तिसऱ्या कोणाकडेही असून चालत नाही. आज या कामासाठी सर्वांत जास्त वापरली जाणारी पद्धत एईएस ही आहे. बेल्जियममधील दोन संशोधकांनी ती रचली आणि २००१ साली अमेरिकेने तिला आपले प्रमाण म्हणून स्वीकारले. तिची किल्ली म्हणजे १२८, १९२ किंवा २५६ बिटांचा एक यादृच्छिक आकडा असतो.

सार्वजनिक किल्लीच्या पद्धतीत किल्ल्यांची जोडी असते. एक जगजाहीर करायची आणि दुसरी, खाजगी, कोणालाही द्यायची नाही. जाहीर किल्लीवरून खाजगी किल्ली काढणे गणिताने शक्य असले तरी व्यवहारात आवाक्याबाहेर असते, आणि सगळी सुरक्षितता या एका गोष्टीवर उभी असते. अशा जोडीने तीन वेगळी कामे होतात: छोटा मजकूर कूटबद्ध करणे, खाजगी किल्लीने स्वाक्षरी करणे व ती जाहीर किल्लीने पडताळणे, आणि दोन अनोळखी पक्षांनी मिळून एक समान गुपित ठरवणे. शिकवताना कुलूप-किल्लीची उपमा देतात, पण ती फक्त पहिल्या कामाला लागू पडते. उरलेल्या दोन कामांचा तिच्याशी काहीच संबंध नाही, आणि पुढे दिसेल की जाळ्यावर आज मुख्यतः तीच दोन चालतात.

२. सममित पद्धत वेगवान आणि भक्कम आहे, तर मग एवढीच का वापरत नाहीत?

कारण किल्ली समोरच्यापर्यंत पोहोचवायची कशी, हा प्रश्न ती सोडवत नाही. ज्या तारेवर कोणी ऐकत असेल अशी शंका आहे, त्याच तारेवरून किल्ली पाठवली तर ऐकणाऱ्यालाही ती मिळते. शिवाय प्रत्येक जोडीला वेगळी किल्ली हवी. एक हजार जणांना एकमेकांशी खाजगीत बोलायचे असेल तर १००० × ९९९ ÷ २, म्हणजे ४,९९,५०० किल्ल्या आधीच वाटाव्या लागतील. ज्या दुकानाचे संकेतस्थळ आपण आज प्रथमच उघडत आहोत, त्याच्याशी आपली आधी कधीच गाठ पडलेली नसते; तेथे तर वाटपाची सोयच नाही. मात्र जेथे गाठ आधीच पडलेली असते, तेथे एकटी सममित पद्धत पुरते. त्याची उदाहरणे प्रश्न ९ मध्ये आहेत.

३. मग उलट करू: सगळा मजकूर सार्वजनिक किल्लीनेच कूटबद्ध केला तर काय बिघडते?

हे स्वतः करून पाहण्यासारखे आहे. ओपनएसएसएल या कूटलेखनाच्या साधनाची खालील पहिली आज्ञा आरएसए या सार्वजनिक किल्लीच्या पद्धतीची २०४८ बिटांची जोडी बनवते आणि दुसरी त्या किल्लीने एक छायाचित्र कूटबद्ध करू पाहते.

```
openssl genpkey -algorithm RSA -pkeyopt rsa_keygen_bits:2048 -out k.pem
openssl pkeyutl -encrypt -inkey k.pem -in photo.jpg -out photo.enc
```

दुसरी आज्ञा `data too large for key size` असे सांगून थांबते. २०४८ बिट म्हणजे २५६ बाइट; त्यातील किमान ११ बाइट भरणासाठी, म्हणजे ठरावीक रचनेच्या यादृच्छिक भरतीसाठी, जातात आणि मजकुरासाठी फक्त २४५ उरतात. भरण अधिक सुरक्षित प्रकारचे घेतले तर ही जागा आणखी कमी होते.

छायाचित्राचे तुकडे करून प्रत्येक तुकडा वेगळा कूटबद्ध करू, असे कोणी म्हणेल. छायाचित्र ४० लाख बाइटचे असेल तर १६,३२७ तुकडे होतील. साधारण लॅपटॉपचा एक गाभा अशी खाजगी किल्लीची क्रिया सेकंदाला हजार-दोन हजार वेळा करतो. दोन हजार धरले तरी एक छायाचित्र उकलायला आठ सेकंदांहून जास्त लागतील. त्याच यंत्रात एईएससाठी प्रोसेसरमध्येच खास सूचना असतात आणि त्यामुळे एका सेकंदात एक गिगाबाइटहून अधिक मजकूर उकलतो. आपल्या यंत्राचे आकडे `openssl speed` ही आज्ञा दाखवते.

वेग ही त्यातली ठळक अडचण झाली. माझ्या मते दुसरी अडचण अधिक गंभीर आहे: हे तुकडे एकमेकांना बांधलेले नसतात. वाटेत कोणी दोन तुकड्यांची अदलाबदल केली, एखादा गाळला किंवा जाहीर किल्ली वापरून स्वतःचाच एक घुसवला, तरी उकलणाऱ्याला काहीही कळत नाही. सममित पद्धतीत प्रत्येक नोंदीला एक पडताळणी-खूण जोडता येते आणि एक बिट जरी बदलला तरी ती नोंद नाकारली जाते.

४. आरएसएची किल्ली २०४८ बिटांची आणि एईएसची फक्त १२८ बिटांची. मग आरएसए जास्त सुरक्षित नाही का?

नाही. दोन्हींतले बिट एकाच मापाचे नाहीत. चांगल्या सममित पद्धतीवर सर्व किल्ल्या एकामागून एक लावून पाहण्यापेक्षा फारसा चांगला हल्ला माहीत नसतो, त्यामुळे १२८ बिट म्हणजे जवळजवळ पूर्ण २¹²⁸ प्रयत्न. आरएसए मोडायला मात्र किल्ल्या लावून पाहाव्या लागत नाहीत, एका मोठ्या संख्येचे अवयव पाडावे लागतात, आणि त्याच्या बऱ्याच हुशार रीती माहीत आहेत. म्हणून एईएसच्या १२८ बिटांची बरोबरी करायला आरएसएला साधारण ३०७२ बिट लागतात, तर लंबवर्तुळी वक्र या गणिती रेषांवर आधारलेल्या सार्वजनिक किल्लीच्या पद्धतींना २५६ पुरतात.

५. दोघे कधीच भेटलेले नाहीत आणि तिसरा सगळे ऐकतो आहे. तरीही दोघांचे गुपित एकच कसे ठरते?

ही रीत व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ साली प्रसिद्ध केली. ब्रिटनच्या गुप्तवार्ता खात्यात ती १९७४ साली सापडली होती, पण ते १९९७ पर्यंत दडवून ठेवले गेले. लहान आकडे घेऊन ती कागदावर करता येते.

दोघे उघडपणे २९ ही मूळ संख्या आणि २ हा पाया ठरवतात. ब्राउझर मनात ५ धरतो, २⁵ = ३२ काढतो, २९ने भागून उरलेली बाकी ३ पाठवतो. सर्व्हर मनात १२ धरतो; २¹² = ४०९६, बाकी ७, ती पाठवतो. आता ब्राउझर आलेल्या ७चा आपला पाचवा घात काढतो: १६,८०७, बाकी १६. सर्व्हर आलेल्या ३चा बारावा घात काढतो: ५,३१,४४१, बाकी १६. दोघांकडे १६ आले, आणि तारेवरून गेले फक्त २९, २, ३ आणि ७.

ऐकणाऱ्याला १६ हवे असतील तर २चा कितवा घात घेतल्यावर ३ उरतात हे शोधावे लागेल. येथे तो अठ्ठावीस प्रयत्नांत सापडेल. खऱ्या आकारात तो सापडत नाही. आजच्या ब्राउझरांत हीच कल्पना X25519 या नावाने लंबवर्तुळी वक्रावर चालते आणि तेथे प्रत्येकाने पाठवायचा आकडा ३२ बाइटचा असतो.

या रीतीने गुपित ठरते, पण ते कोणाबरोबर ठरले हे मात्र कळत नाही. ती उणीव प्रश्न ८ मध्ये घेतली आहे.

६. संकेतस्थळ उघडताना दोन्ही पद्धती नेमक्या कोणत्या क्रमाने कामाला येतात?

`https` मागे चालणाऱ्या टीएलएस या करारपद्धतीची १.३ आवृत्ती ऑगस्ट २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. येथे तीच घेतली आहे. ब्राउझर पहिल्याच निरोपात आपल्याला चालणाऱ्या सममित पद्धतींची यादी आणि या जोडणीपुरता नव्याने बनवलेला X25519चा जाहीर आकडा पाठवतो. हा निरोप उघडा असतो, आणि त्यात बहुधा संकेतस्थळाचे नावही उघडेच असते. `https` असले की कोणते संकेतस्थळ पाहिले तेही झाकले जाते, हा समज म्हणूनच चुकीचा आहे.

सर्व्हर एक सममित पद्धत निवडतो आणि स्वतःचा तितकाच ताजा आकडा परत पाठवतो. येथे दोघांकडे समान गुपित तयार होते. ते तसेच किल्ली म्हणून वापरत नाहीत; हॅश फलनावर, म्हणजे कोणत्याही मजकुराचा ठरावीक लांबीचा सारांश काढणाऱ्या गणितावर, आधारलेल्या एका रीतीने त्यातून, आणि आतापर्यंतच्या निरोपांच्या सारांशातून, अनेक किल्ल्या काढतात. ब्राउझरकडून जाणाऱ्या मजकुराची किल्ली वेगळी असते, सर्व्हरकडून येणाऱ्याची वेगळी.

यापुढचे सगळे सममित किल्लीखाली जाते, सर्व्हरचे नाव आणि त्याची जाहीर किल्ली सांगणारे प्रमाणपत्रसुद्धा. प्रमाणपत्रामागोमाग सर्व्हर आतापर्यंतच्या सर्व निरोपांच्या सारांशावर आपल्या कायमच्या खाजगी किल्लीने स्वाक्षरी करून पाठवतो. ब्राउझर ती पडताळतो, दोन्ही बाजू शेवटची एक खूण देतात, आणि पानाची मागणी जाते. तोवर निरोपांची एकच फेरी झालेली असते.

यानंतर सार्वजनिक किल्लीचे काम संपते. पान, चित्रे, आपण भरलेला परवलीचा शब्द हे सर्व जास्तीत जास्त १६,३८४ बाइटच्या नोंदींत, सामान्यतः एईएसने, जाते आणि प्रत्येक नोंदीला १६ बाइटची पडताळणी-खूण असते. तासभर चित्रफीत पाहिली तरी सार्वजनिक किल्लीच्या क्रिया होतात त्या सुरुवातीच्या मोजक्याच.

७. म्हणजे माझा मजकूर सर्व्हरच्या प्रमाणपत्रातील किल्लीने कूटबद्ध होतो ना?

होत नाही. हा गैरसमज सर्वांत चिवट आहे, आणि त्याला कारणही आहे: पूर्वी काहीसे तसेच होत असे. टीएलएसच्या जुन्या आवृत्त्यांत अशी एक तऱ्हा होती की ब्राउझर एक गुपित बनवी, ते प्रमाणपत्रातील आरएसए किल्लीने कूटबद्ध करी आणि पाठवी. त्या तऱ्हेतही मजकूर सममित किल्लीनेच जात असे. फक्त ती ज्या गुपितातून निघे, ते प्रमाणपत्राच्या किल्लीखाली असे.

त्यात दोष असा होता की कोणी वर्षभर सगळी वाहतूक नुसती साठवून ठेवली आणि नंतर कधीतरी सर्व्हरची खाजगी किल्ली मिळवली, तर वर्षभराचे सर्व संभाषण एकदम उघडे पडे. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधील हार्टब्लीड ही चूक उघडकीस आली, तेव्हा सर्व्हरच्या स्मृतीतून खाजगी किल्ली खरोखर काढता येते हे दिसले आणि ही भीती कागदोपत्री राहिली नाही. टीएलएस १.३ने ती तऱ्हाच काढून टाकली. आता प्रमाणपत्राची किल्ली फक्त स्वाक्षरी करते. समान गुपित ताज्या आकड्यांतून येते आणि ते आकडे जोडणीनंतर फेकून दिले जातात, त्यामुळे उद्या किल्ली चोरीला गेली तरी कालचे संभाषण उकलत नाही. चोराला त्यापुढे सर्व्हरचे सोंग घेता येते, म्हणून प्रमाणपत्र तरीही रद्द करावेच लागते.

८. मधल्या माणसाने दोन्हीकडे वेगवेगळे गुपित ठरवले तर?

प्रश्न ५ मधील रीत एकटी वापरली तर तो हे सहज करू शकतो: ब्राउझरशी एक गुपित, सर्व्हरशी दुसरे, आणि मधे बसून सगळे वाचायचे. प्रश्न ६ मधील स्वाक्षरी नेमकी यासाठी आहे. सर्व्हर ज्या सारांशावर स्वाक्षरी करतो त्यात दोन्ही ताजे आकडे असतात. मधल्याने आकडे बदलले की ब्राउझरने पाहिलेला सारांश आणि स्वाक्षरी केलेला सारांश जुळत नाहीत.

आता प्रश्न उरतो तो स्वाक्षरीची जाहीर किल्ली खरोखर त्याच संकेतस्थळाची आहे का, हा. त्याची हमी प्रमाणपत्र देणारी संस्था देते आणि अशा संस्थांची यादी ब्राउझरमध्ये किंवा यंत्राच्या कार्यप्रणालीत आधीपासून असते. या साखळीतली सर्वांत कच्ची कडी मला हीच वाटते, कारण ती गणितावर उभी नसून संस्थांच्या कारभारावर उभी आहे. २०११ साली डिजिनोटार या नेदरलँड्समधील संस्थेत घुसखोरी होऊन गूगलच्या नावाचे खोटे प्रमाणपत्र बाहेर पडले आणि इराणमधील वापरकर्त्यांवर ते वापरले गेले. त्यात एईएस किंवा आरएसए काहीच मोडले नव्हते.

कार्यालयातील यंत्रावर असे मधले उपकरण नियमाप्रमाणेही बसवलेले असू शकते. त्यासाठी कार्यालय आपली स्वतःची संस्था यंत्राच्या यादीत घालते. एखाद्या परिचित संकेतस्थळाचे प्रमाणपत्र उघडून पाहावे. देणाऱ्याच्या नावाच्या जागी कार्यालयाचे किंवा सुरक्षा-उपकरणाचे नाव असेल तर वाहतूक मधे उकलली जात आहे.

९. सार्वजनिक किल्ली अजिबात न वापरणारी जाळी आहेत का?

आहेत. ४जीपर्यंतच्या मोबाइलचे सिम हे उत्तम उदाहरण आहे. सिममध्ये १२८ बिटांची एक किल्ली कोरलेली असते आणि तिची प्रत कंपनीच्या केंद्रात असते. सिम हाती देताना किल्लीही दिली जाते, त्यामुळे वाटपाचा प्रश्न उद्भवतच नाही.

घरातील डब्ल्यूपीए२ वायफायही असेच आहे: परवलीचा शब्द आणि जाळ्याचे नाव यांतून हॅशच्या ४०९६ आवर्तनांनी एक किल्ली काढतात. मात्र त्याची मर्यादा चहाच्या दुकानात किंवा लॉजमध्ये जाणवते. परवलीचा शब्द ज्याला माहीत आहे आणि आपली सुरुवातीची जोडणी ज्याने टिपली आहे, तो आपल्या सत्राची किल्लीही काढू शकतो. डब्ल्यूपीए३मध्ये प्रश्न ५ सारखीच अदलाबदल आणली गेली, त्यामागे हेही एक कारण आहे.

१०. आधार पडताळणीत आरएसएने किल्ली पाठवतात असे वाचले. ते प्रश्न ७ मधील जुन्या, सदोष तऱ्हेसारखेच नाही का?

रचना तीच आहे, पण परिस्थिती वेगळी आहे. आधार देणाऱ्या प्राधिकरणाने प्रसिद्ध केलेल्या तांत्रिक नियमांनुसार, रास्त भाव दुकानातील यंत्रावर अंगठा ठेवला की ती माहिती नव्याने बनवलेल्या २५६ बिटांच्या एईएस किल्लीने कूटबद्ध होते, ती किल्ली प्राधिकरणाच्या २०४८ बिटांच्या जाहीर आरएसए किल्लीने कूटबद्ध होते, आणि दोन्ही एकत्र पाठवले जातात. मधल्या संस्था हे पाकीट फक्त पुढे पोहोचवतात.

प्रश्न ५ मधील रीतीसाठी समोरच्याने ताजा आकडा परत पाठवणे आवश्यक असते. येथे पाकीट मधल्या हातांतून एकाच दिशेने जाते, म्हणून पाकिटाची तऱ्हा घेतली जाते; कूटबद्ध ईमेलमध्येही हेच कारण असते. प्रश्न ७ मधील दोष या तऱ्हेत राहतोच, आणि त्यामुळे उकलणाऱ्या एका खाजगी किल्लीची राखण हा सगळ्याचा गाभा ठरतो.

११. दोन्ही पद्धती योग्य जोडल्या, तरी कुठे फसते?

बहुधा यादृच्छिक आकड्यांत. डेबियन या कार्यप्रणालीत २००६ साली ओपनएसएसएलमध्ये केलेल्या एका दुरुस्तीने यादृच्छिकतेचा स्रोत जवळजवळ कोरडा पडला आणि ते २००८ साली लक्षात आले. तोवर बनलेल्या किल्ल्या, प्रत्येक प्रकाराच्या व आकाराच्या, ३२,७६८ शक्यतांपैकीच एक असत. किल्ली २०४८ बिटांची दिसे, पण हल्ला करणाऱ्याला एक यादी पुरे. किल्लीकडे पाहून हा दोष ओळखता येत नसे. तिची त्या यादीशी तुलनाच करावी लागे.

सममित बाजूला याचे भावंड म्हणजे एईएसच्या जीसीएम पद्धतीत एकाच किल्लीखाली तोच नोंद-क्रमांक दोनदा वापरणे. तसे झाले तर दोन मजकुरांचा परस्परसंबंध उघडा पडतो आणि पडताळणी-खूणही खोटी बनवता येते. टीएलएस १.३ हा क्रमांक नोंदींच्या मोजणीवरून ठरवते, त्यामुळे तेथे ही चूक सहसा होत नाही. स्वतः कूटलेखन लिहू जाणाऱ्यांकडून मात्र होते.

१२. माझ्या जोडणीत काय वापरले गेले, ते कसे पाहावे?

```
openssl s_client -connect example.org:443 -brief
```

ओपनएसएसएल ३.०मध्ये उत्तरात साधारण अशा ओळी असतात:

```
Protocol version: TLSv1.3
Ciphersuite: TLS_AES_256_GCM_SHA384
Signature type: RSA-PSS
Server Temp Key: X25519, 253 bits
```

दुसरी ओळ सममित पद्धत सांगते, तिसरी प्रमाणपत्राच्या किल्लीची स्वाक्षरी आणि चौथी ताज्या आकड्यांची अदलाबदल. आवृत्तीनुसार तिचे नाव थोडे बदलते. पहिल्या ओळीत `TLSv1.2` आणि दुसरीत `ECDHE` किंवा `DHE` नसलेले `AES128-GCM-SHA256` सारखे नाव दिसले, तर तो सर्व्हर अजून प्रश्न ७ मधील जुन्या तऱ्हेवर आहे.

१३. क्वांटम संगणक आल्यावर दोन्ही पद्धती मोडतील का?

दोन्हींवर सारखा परिणाम होणार नाही. पीटर शोर यांनी १९९४ साली मांडलेली रीत पुरेशा मोठ्या क्वांटम संगणकावर चालली, तर आरएसए आणि प्रश्न ५ मधील रीत, वक्रांवरील रूपासह, कोसळतील. सममित पद्धतीवर माहीत असलेला सर्वसाधारण हल्ला फार तर किल्लीचे बिट निम्मे केल्यासारखा आहे, आणि २५६ बिटांच्या एईएसला तो पुरत नाही.

म्हणून बदल सार्वजनिक किल्लीच्या बाजूला होत आहे, आणि तोही एका क्रमाने. आजची वाहतूक साठवून पुढे उकलता येते, पण पंधरा वर्षांनी बनवलेल्या खोट्या स्वाक्षरीने आजच्या जोडणीत घुसता येत नाही. त्यामुळे अदलाबदल आधी बदलली जाते, स्वाक्षरी नंतर. अमेरिकेने ऑगस्ट २०२४ मध्ये, क्वांटम संगणकासमोरही टिकेल अशा रीतीने समान गुपित ठरवण्यासाठी, एमएल-केईएम हे प्रमाण जाहीर केले आणि ब्राउझर ते एकटे न वापरता जुन्या रीतीसोबत `X25519MLKEM768` या नावाने वापरतात. नवी रीत कच्ची निघाली तरी जुनी शाबूत राहते. किंमत आकाराची आहे: ब्राउझरचा ३२ बाइटचा आकडा आता १,२१६ बाइटचा होतो आणि पहिला निरोप बहुधा एका पाकिटात मावत नाही. काही जुनी मधली उपकरणे तो निरोप एकाच पाकिटात येईल असे धरून चालतात आणि जोडणी तोडतात. नव्या ब्राउझरमध्ये एखादे संकेतस्थळ अडते आणि जुन्यात उघडते, असे दिसले तर प्रमाणपत्र तपासण्याआधी हे कारण पडताळून पाहावे.